60 सेकंदांच्या भक्तीपर व्हिडिओसाठी मराठी स्क्रिप्ट कशी मोजायची: सेकंदाला किती शब्द बसतात

उभ्या व्हिडिओसाठी देवाधर्माच्या गोष्टी लिहिणारे नवीन लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की एका मिनिटात किती शब्द बसतात, आणि त्यांना कुणीतरी 150 असं उत्तर देतं. मग 150 शब्द लिहून माईकसमोर बसलं की एकतर व्हिडिओ सव्वा मिनिटाच्या पुढे जातो नाहीतर पांडुरंगाची गोष्ट क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखी धावत सुटते. 150 हा आकडा साध्या बोलण्याचा आहे, सलग पूर्ण मिनिटभर बोलायचा आहे, आणि भक्तीपर व्हिडिओत या दोन्ही गोष्टी नसतात. आवाज संथ असतो आणि पूर्ण मिनिट बोलायला मिळतच नाही.

म्हणून इथं एकच गोष्ट नीट बघू, ती म्हणजे स्वतःचा वेग काढून स्वतःच्या स्क्रिप्टला लावायचा कसा. उदाहरणासाठी पुंडलिकाच्या विटेची गोष्ट घेऊ, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि एका मिनिटात नीट सांगता येते.

आधी स्वतःचा वेग काढा

दुसऱ्याचा वेग तुमच्या कामाचा नाही. माझ्या अनुभवात संथ भक्तीपर निवेदन सेकंदाला साधारण 1.6 ते 2 शब्द असं जातं आणि बातमी वाचल्यासारखं वाचलं तर 2.3 ते 2.5 पर्यंत, पण तुमचा आकडा या पट्ट्यात कुठं पडतो ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्या छोट्याशा फरकावर एक अख्खं वाक्य आत किंवा बाहेर जातं.

मोजायचं असं. साधारण 100 शब्दांचा एक उतारा घ्या, पण वर्तमानपत्रातला घेऊ नका. तुम्ही ज्या प्रकारचं लिहिणार आहात तसाच घ्या, म्हणजे देवाची गोष्ट असेल तर गोष्टच, सणाची माहिती असेल तर माहितीच. तो तुम्ही आधी दोनतीनदा वाचलेला असावा, कारण पहिल्यांदा वाचताना माणूस अडखळतो आणि वेग खोटा निघतो. मग मोबाईलवर रेकॉर्ड करा, उभं राहून किंवा ताठ बसून, व्हिडिओत जसा आवाज लावणार तसाच लावून. तीन टेक घ्या आणि त्यातला मधल्या लांबीचा धरा. एडिटरमध्ये तो टाकून पहिल्या शब्दाच्या आधीची आणि शेवटच्या शब्दानंतरची शांतता कापा, मधले श्वास आणि वाक्यांमधल्या थांब्यांना हात लावू नका. जी लांबी उरली ती तुमची वेळ.

समजा 100 शब्दांना 56 सेकंद लागले. 100 भागिले 56 म्हणजे 1.78, धरा 1.8 शब्द दर सेकंदाला. या 1.8 मध्ये नेहमीचे श्वास आणि पूर्णविरामाचे थांबे आधीच आलेले आहेत, म्हणून पुढे हिशोब करताना ते परत वजा करायचे नाहीत. बरेच जण इथं गडबडतात, थांबे दोनदा वजा करतात आणि मग स्क्रिप्ट तोकडी पडली की शेवटी उगाच एक वाक्य चिकटवतात.

एक गोष्ट मात्र सांभाळा. चाचणीच्या उताऱ्यात 8 वाक्यं असतील आणि खऱ्या स्क्रिप्टमध्ये 16 छोटी छोटी वाक्यं असतील तर वेळ वाढणार, कारण प्रत्येक पूर्णविरामाला अर्धा सेकंद तरी जातोच. म्हणून उतारा निवडताना वाक्यांची लांबीसुद्धा तुमच्या लिहिण्यासारखीच बघा.

मग 60 मधून बोलायचे सेकंद शोधा

साठपैकी बोलायला किती मिळतात हे स्क्रिप्ट लिहायच्या आधी ठरवायचं. लिहून झाल्यावर ठरवायला गेलात तर आपलंच वाक्य कापवत नाही.

विटेच्या व्हिडिओचा हिशोब मी असा मांडते. व्हिडिओ 59 सेकंदांचाच करायचा, एक सेकंद मोकळा ठेवायचा, कारण संगीताची शेपटी किंवा शेवटचा फेड थोडा पुढे सरकला तर फाईल साठच्या वर जाते. सुरुवातीला अर्धा सेकंद फक्त चित्र. गोष्टीच्या मध्यावर, देव विटेवर उभे राहतात तिथं, 2 सेकंद काहीच बोलायचं नाही, फक्त मूर्ती दिसणार. शेवटी "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय" हा पूर्ण जयघोष, त्याला माझ्या आवाजात 7 सेकंद लागतात. आणि जयघोषानंतर दीड सेकंद टाळांचा नाद विरायला.

अर्धा, दोन, सात आणि दीड मिळून झाले 11. 59 मधून 11 गेले, उरले 48. म्हणजे गोष्ट सांगायला हातात 48 सेकंद आहेत, साठ नाहीत. 48 गुणिले 1.8 म्हणजे 86 शब्द. दीडशे कुठं आणि शहाऐंशी कुठं.

जयघोष, मंत्र, श्लोक यांना शब्दांच्या हिशोबात कधीच घालू नका. ॐ हा मोजायला एक शब्द आहे पण नीट म्हटला तर दोनतीन सेकंद घेतो. अनुष्टुभ छंदातला श्लोक 32 अक्षरांचा असतो, शब्द मोजले तर आठदहाच भरतात आणि हिशोब म्हणेल पाचेक सेकंद, पण शांतपणे म्हटलात तर त्याच्या दुप्पट जातात. अशा गोष्टी एकदा वेगळ्या रेकॉर्ड करायच्या, घड्याळ बघायचं आणि तो आकडा ठरलेला खर्च म्हणून वजा करायचा. एकदा मोजलं की पुढच्या सगळ्या व्हिडिओंना तोच आकडा चालतो.

शब्द मोजून मराठीत फसायला होतं

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. "तो उभा आहे" हे तीन शब्द, "पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातल्या गाभाऱ्यासमोर" हेपण तीनच शब्द. पहिल्यात 5 अक्षरं, दुसऱ्यात 20. शब्दांच्या हिशोबानं दोघांना सारखीच वेळ मिळते, आणि बोलताना दुसऱ्याला तिप्पटचौपट लागते. भक्तीपर लिखाणात तर असे लांब शब्द जास्तच येतात, आषाढी एकादशीनिमित्त, ज्ञानेश्वरमाउलींच्या, पालखीसोहळ्यातल्या वगैरे.

म्हणून शब्दांसोबत अक्षरंही मोजायची. अक्षर मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, अभंग आणि ओवी त्यावरच चालतात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा सहा आणि चौथ्यात चार अशी 22 अक्षरं येतात, ती मोजताना जोडाक्षर एकच धरतात आणि अनुस्वार वेगळा धरत नाहीत. आपणही तसंच मोजू. विठ्ठल म्हणजे वि, ठ्ठ, ल, तीन. पांडुरंग म्हणजे पां, डु, रं, ग, चार. ज्ञानेश्वर म्हणजे ज्ञा, ने, श्व, र, चार.

बोलताना आपण शेवटचा आणि मधला अ खातो, पंढरपूर लिहिलं तर पाच अक्षरं पण कानाला तीनच ठोके ऐकू येतात, हे खरंय. पण चाचणीचा उतारा आणि स्क्रिप्ट दोन्ही एकाच पद्धतीनं मोजले तर हा फरक दोन्हीकडे सारखाच पडतो आणि हिशोब बिघडत नाही. पद्धत मध्येच बदलली तर बिघडतो.

अॅपमध्ये जो कॅरेक्टरचा आकडा दिसतो तो यासाठी वापरू नका. "श्री" हे आपल्याला एक अक्षर आहे, कॉम्प्युटरला आतून ती चार चिन्हं असतात, श, हलन्त, र आणि वेलांटी. त्यामुळे तो आकडा खूप फुगलेला असतो आणि जोडाक्षरं जास्त असली की अजूनच फुगतो.

हातानं बोटांवर मोजलं तरी 90 शब्दांना पाच मिनिटंही लागत नाहीत. लॅपटॉप असेल आणि पायथन टाकलेलं असेल तर स्क्रिप्ट `script.txt` नावानं सेव्ह करून एवढं चालवलं तरी पुरतं, आधी शब्द दिसतील मग अक्षरं:

```python
import re
t = open("script.txt", encoding="utf-8").read()
a = re.findall(r"(?:[क-ह]\u093c?\u094d\u200d?)*[अ-हॲॐ]", t)
print(len(t.split()), len(a))
```

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाक्याच्या शेवटी जागा सोडून दंड किंवा आडवी रेघ टाकली असेल तर तीही शब्द म्हणून मोजली जाते, म्हणून चिन्हं शब्दाला चिकटवून लिहा. आणि आकडे अजिबात आकड्यात लिहू नका. "शके 1212" मध्ये आकड्याची अक्षरं मोजलीच जात नाहीत पण तोंडानं तुम्ही "बाराशे बारा" म्हणणार आहात. "250 किमी" दिसायला दोन छोटे शब्द, वाचायला "अडीचशे किलोमीटर", नऊ अक्षरं. "108 वेळा" म्हणजे "एकशे आठ वेळा". व्हॉइसओव्हरच्या स्क्रिप्टमध्ये जे तोंडातून बाहेर पडणार तेच कागदावर असायला हवं, स्क्रीनवरच्या अक्षरांमध्ये आकडा टाकायचा असेल तर तो तिथं टाका.

आता चाचणीच्या त्याच 100 शब्दांच्या उताऱ्याची अक्षरंही मोजा. समजा 280 निघाली. 280 भागिले 56 म्हणजे सेकंदाला 5 अक्षरं. हा तुमचा दुसरा वेग, आणि दोघांत जास्त भरवशाचा हाच.

विटेची गोष्ट मोजून बघू

48 सेकंदांत 1.8 नं 86 शब्द आणि 5 नं 240 अक्षरं, ही मर्यादा. आता खालची स्क्रिप्ट बघा, प्रत्येक वाक्यापुढे शब्द आणि अक्षरं लिहिलीत.

कमरेवर हात ठेवून देव कुणाची वाट बघतोय? — 7 शब्द, 21 अक्षरं

पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, आणि दारात साक्षात पांडुरंग येऊन उभे राहिले. — 12, 37

पुंडलिकानं मागे वळूनही पाहिलं नाही. — 5, 16

हातातली सेवा सुटू नये म्हणून त्यानं जवळची एक वीट मागे सरकवली, आणि म्हणाला, देवा, जरा थांबा. — 16, 41

देव रागावले नाहीत. — 3, 9

त्या विटेवर चढले, कमरेवर हात ठेवले, आणि थांबले. — 8, 23

(इथं 2 सेकंद शांतता, मूर्ती)

भक्ताची सेवा संपेपर्यंत देव थांबले, ही गोष्ट पंढरपूरच्या वाळवंटात आजही सांगितली जाते. — 12, 38

पंढरपुरात भीमा नदी चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. — 10, 35

आषाढी एकादशीला लाखो वारकरी याच भेटीसाठी पायी चालत येतात. — 9, 28

आज आईवडिलांना पाण्याचा पेला देताना ही वीट आठवा. — 8, 22

(जयघोष, 7 सेकंद)

बेरीज केली तर 90 शब्द आणि 270 अक्षरं. शब्दांनी बघितलं तर 90 भागिले 1.8, म्हणजे 50 सेकंद, मर्यादेपेक्षा दोनच जास्त. नवीन माणूस इथं म्हणतो की दोनच सेकंद आहेत, थोडं भरभर वाचू. पण अक्षरांनी 270 भागिले 5 म्हणजे 54 सेकंद, पूर्ण सहा जास्त. रेकॉर्डिंग केलं की 54 च्या आसपासच निघतं, कारण ही स्क्रिप्ट चाचणीच्या उताऱ्यापेक्षा लांब शब्दांची आहे. उताऱ्यात शब्दाला सरासरी 2.8 अक्षरं होती, इथं 3 आहेत. फरक दिसायला केवढासा आहे, पण नव्वद शब्दांवर तो साचत जातो.

सहा सेकंद म्हणजे 30 अक्षरं कमी करायची आहेत. इथं "आणि", "ही", "एक" असे बारके शब्द काढत बसू नका. "ही" काढला तर एक अक्षर वाचतं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, आणि वाक्य मात्र तुटकं होतं. 30 अक्षरं काढायची तर अख्खं वाक्यच जायला हवं. चंद्रभागेचं वाक्य 35 अक्षरांचं आहे. माहिती खरी आहे, सुंदरही आहे, पण ते वाक्य काढलं तरी गोष्टीला काही होत नाही, उलट वीट आणि वारी यांच्यामध्ये ते आडवं येतंय. त्यावर वेगळा व्हिडिओ होऊ शकतो. ते काढलं की उरतात 80 शब्द, 235 अक्षरं, आणि 235 भागिले 5 म्हणजे 47 सेकंद. 48 मध्ये बसलं, एक सेकंद हाताशी राहिला.

शब्दांचा हिशोब आता म्हणतोय 44.4 सेकंद, म्हणजे साडेतीन सेकंद मोकळे आहेत, अजून सहा शब्द घाला. घालू नका. दोन हिशोबांत फरक पडला की मोठा आकडा खरा धरायचा, व्हिडिओ तोकडा पडला तर एक क्षण मूर्ती जास्त दिसते, काही बिघडत नाही, लांबला तर काहीतरी कापावं लागतं आणि बहुतेक वेळा जयघोषच कापला जातो, जे बघवत नाही.

शॉट लावताना वाक्यावाक्याची वेळ

हाच हिशोब एकेका वाक्याला लावला की कुठला शॉट किती लांब हवा तेही रेकॉर्डिंगच्या आधीच कळतं. "भक्ताची सेवा संपेपर्यंत" हे वाक्य घ्या. 12 शब्द, शब्दांनी 6.7 सेकंद, पण 38 अक्षरं म्हणजे 7.6. जवळजवळ एक सेकंदाचा फरक, आणि चंद्रभागेच्या वाळवंटाचा शॉट सात सेकंदांचा घेतला असेल तर "सांगितली जाते" च्या वेळी पुढचं चित्र येऊन जातं. उलट विटेचं वाक्य बघा, 16 शब्द म्हणून शब्दांनी 8.9 सेकंद, पण त्यात छोटे शब्द खूप आहेत, अक्षरं 41 म्हणजे 8.2 सेकंदच. तिथं मात्र मी 9 सेकंदांचाच शॉट ठेवते, कारण "देवा, जरा थांबा" ह्या तीन शब्दांच्या आधी आवाज आपोआप खाली येतो आणि थांबतो. बोलणारा बदलला की थोडा श्वास जातोच, तो अक्षरांत मोजला जात नाही.

तसंच "देव रागावले नाहीत" हे नऊ अक्षरांचं वाक्य हिशोबानं 1.8 सेकंदांचं आहे पण खरं सव्वादोन अडीचपर्यंत जातं, कारण इतकं छोटं वाक्य म्हटलं की पुढचा थांबा वाक्याच्या मानानं मोठाच पडतो. एकदोन अशी वाक्यं असतील तर वरचा उरलेला एक सेकंद ते पचवतो. पाचसहा असतील तर दर छोट्या वाक्यामागे अर्धा सेकंद आधीच बाजूला काढून ठेवा.

टाळाच्या ठेक्यावर बसवायचं असेल तर

मागे भजनी ठेका असेल तर अजून एक छोटा हिशोब कामाला येतो. भजनी ठेका 8 मात्रांचा. लय मिनिटाला 80 मात्रांची ठेवली तर एक मात्रा 60 भागिले 80, म्हणजे पाऊण सेकंदाची, आणि 8 मात्रांचं आवर्तन बरोबर 6 सेकंदांचं. आता आपला जयघोष कुठं सुरू होतो बघा. सुरुवातीचा अर्धा सेकंद, मग 47 सेकंद गोष्ट, मधले 2 सेकंद, झाले 49.5. जयघोष समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडला तर अंगावर काटा येतो, मात्रा सोडून पडला तर ऐकणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय पण काहीतरी खटकत राहतं. 49.5 मधून आठ आवर्तनांचे 48 सेकंद वजा केले की 1.5 उरतात. म्हणजे ठेक्याची पहिली सम व्हिडिओच्या दीड सेकंदाला ठेवा, जयघोषाची सम आपोआप 49.5 ला येते. शिवाय पहिला एखाददुसरा शब्द ठेक्याविना मोकळा ऐकू येतो, आणि सुरुवात नीट ऐकू आली तरच माणूस पुढे थांबतो.

रेकॉर्डिंग थोडं पुढेमागे झालं तर आवाज ताणू नका, मधल्या 2 सेकंदांच्या शांततेत पाव सेकंद कमीजास्त करून समेवर आणा. ती जागा त्यासाठी फार सोयीची असते.

रेकॉर्ड झाल्यावर काय बघायचं

फाईल 59 मध्ये बसली म्हणजे काम झालं असं नाही. घाई करून बसवली असेल तर ते लगेच ऐकू येतं, फक्त कुठं ऐकायचं ते माहीत हवं. डोळे मिटून प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द ऐका. शब्द जास्त झालेले असतील तर "राहिले" चं "राय्ले" होतं, "पांडुरंग" मधला डु गायब होतो, "सांगितली जाते" एका दमात गिळलं जातं. दुसरी खूण म्हणजे श्वास वाक्याच्या मध्ये, कर्ता आणि क्रियापदाच्या बरोबर मधोमध ऐकू येतो. हे दिसलं तर माईक किंवा एडिटिंगला दोष देऊ नका, स्क्रिप्टमध्ये पंधरावीस अक्षरं जास्त आहेत एवढंच समजा आणि एक वाक्य कमी करून परत बोला.

दोनतीन सेकंद जास्त निघाले तर मी या क्रमानं जाते. आधी वाक्यांमधले श्वास बघायचे, जे जास्त लांबलेत ते थोडे कापायचे, पण सगळे सारखे करायचे नाहीत, भक्तीचा आवाज श्वासावर चालतो. तरी नाही बसलं तर वाक्य काढायचं. वेग वाढवायचं बटण अगदी शेवटी, आणि तेही 1.05 च्या वर नको. 50 सेकंदांच्या बोलण्यावर 1.05 नं जेमतेम अडीच सेकंदच वाचतात आणि आवाजातला ठेहराव जातो. 1.1 ला तर ऐकणाऱ्याला कळतंच की आवाज पळवलाय. जयघोषाचा वेग कधीच वाढवू नका, संगीतसुद्धा त्याच ट्रॅकवर असेल तर लयही पळते आणि वरचा समेचा सगळा हिशोब मोडतो.

तोकडं पडलं, म्हणजे बोलणं 48 ऐवजी 44 मध्ये संपलं, तर नवीन वाक्य घालायची गरज नाही. दोन सेकंद मूर्तीच्या शांततेला द्या आणि दोन सेकंद शेवटच्या टाळांना, फक्त समेची जागा नव्यानं मोजा.

प्रत्येक व्हिडिओ झाला की एका वहीत किंवा शीटमध्ये तीनच आकडे लिहा, शब्द, अक्षरं आणि बोलायला लागलेले खरे सेकंद. समजा विटेची गोष्ट 47 ऐवजी 48 सेकंदांत झाली, तर 235 भागिले 48 म्हणजे 4.9. पुढच्या स्क्रिप्टला 5 ऐवजी 4.9 धरा, म्हणजे 48 सेकंदांत 240 ऐवजी 235 अक्षरं. आरतीची माहिती, व्रताचा विधी, संतांची गोष्ट असे प्रकार वेगळे लिहून ठेवा, कारण विधी सांगताना आपण हळू आणि तोलून बोलतो, गोष्ट सांगताना नकळत वेग येतो, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की परत दोनचार सेकंदांची तूट येते. दुसऱ्या कुणाकडून आवाज करून घेणार असाल तर वही त्यांच्या नावानं वेगळी ठेवा आणि स्क्रिप्ट पाठवायच्या आधी त्यांच्याकडून तोच 100 शब्दांचा उतारा एकदा वाचून घ्या.